कंपनीचं सिम परत करताना

सोयाबीनच्या पेरण्या उरकल्या आणि जुलै २०२४ मध्ये मी राजीनामा दिला. नऊ वर्षं एका बियाणे कंपनीत होतो. लातूर, औसा, अहमदपूर, उदगीर एवढा टापू माझ्याकडं. नवं काम संभाजीनगरला मिळालं, ठिबकच्या कंपनीत. घर बघायचं, पोराची शाळा बघायची, लातूरच्या घरमालकाकडून डिपॉझिट परत घ्यायचं, असली कामं डोक्यात होती. मोबाईल नंबर त्या यादीत नव्हताच.

माझ्याकडं दोन सिम होती. एक २००९ सालचं, कॉलेजात असताना अहमदपूरच्या एका मोबाईल दुकानातून घेतलेलं. दुसरं २०१५ मध्ये कंपनीनं दिलेलं. नऊ वर्षांत दुसरं मोठं झालं आणि पहिलं बारकं. कृषी सेवा केंद्रवाले, शेतकरी, कंपनीतली माणसं, इतकंच काय माझे सासरेसुद्धा कंपनीच्याच नंबरवर फोन करायचे. जुन्या नंबरवर गावाकडचे चार-दोन फोन यायचे आणि लोनवाल्यांचे दहा.

नोटीस पिरियड सुरू झाल्यावर मित्रांनी सल्ले दिले. एक म्हणाला, दोन्ही ठेव. दुसरा म्हणाला, जुना टाकून दे, कंपनीचा पोर्ट करून घे, लोकांना तोच माहीत आहे. मला दुसरं पटलं. नऊ वर्षं कंपनीच्या कॅलेंडरवर, दुकानाच्या भिंतीवर, शेतकऱ्यांच्या डायरीत छापलेला-लिहिलेला नंबर कोण सोडतो?

म्हणून एका रात्री कंपनीच्या सिमवरून मेसेज टाकला:

```
PORT <दहा आकडी नंबर>
```

तो 1900 ला पाठवायचा असतो. उत्तरात आठ अक्षरांचा कोड आला. आपल्याकडं हा कोड चार दिवस चालतो, तेवढ्यात नव्या मोबाईल कंपनीच्या दुकानात तो द्यावा लागतो. मी खूश. सकाळी उठून गांधी चौकातल्या दुकानात गेलो. पोरानं आधार मागितलं, अंगठ्याचं मशीन पुढं केलं आणि सहज विचारलं, "सर, नंबर कुणाच्या नावावर हाय?"

"माझाच आहे."

"वापरता तुम्ही, पण नाव कुणाचं?"

नाव कंपनीचं होतं. अशा सामूहिक नंबरांना पोर्ट करायला कंपनीच्या लेटरहेडवर अधिकृत माणसाच्या सहीचं पत्र लागतं. वैयक्तिक नंबर एकाच सर्कलमध्ये, म्हणजे मोबाईल सेवेच्या एकाच विभागात, असेल तर पोर्ट व्हायला कामाचे तीन दिवस लागतात, असल्या नंबराला पाच, कारण जुन्या मोबाईल कंपनीकडून ते पत्र तपासलं जातं. वर असं पोर्ट झालं तरी नंबर बियाणे कंपनीच्याच नावावर राहतो, फक्त मोबाईल कंपनी बदलते. मला तो माझा करायचा असेल, तर आधी कंपनीनं तो माझ्या नावावर सोडायला लेखी हरकत नाही म्हणायला पाहिजे, मग माझं केवायसी. माझ्याकडं पत्र नव्हतं, कोड चार दिवसांनी मेला.

पत्र मागितलं. विभागीय ऑफिसातल्या मॅडमनी शांतपणे सांगितलं, "नंबर टापूचा आहे, तुमचा नाही. तुमच्या जागी येणाऱ्याला देणार." मला राग आला. दोन दिवस घरात चिडचिड केली. पण मग उदगीरच्या एका दुकानदाराचा फोन आला, एका शेतकऱ्याच्या सोयाबीनची उगवण नीट झाली नाही, पंचनाम्याला या. तो माणूस मला फोन करत नव्हता, बियाणे कंपनीला करत होता. सप्टेंबरात मी संभाजीनगरला बसून त्याला काय सांगणार होतो? "मी सोडलं, दुसऱ्याला विचारा"? शिवाय त्या भागातले दुकानदार मला हवे असतील तर त्यांचे नंबर माझ्याकडं आहेतच, मी फोन करू शकतो. त्यांनी मला फोन करावा हा हट्ट होता, गरज नव्हती. मॅडमचं बरोबर होतं, हे मान्य करायला मला आठवडा लागला.

म्हणजे कंपनीचा नंबर जाणार हे ठरलं. तेव्हा कुठं खरी भीती वाटली. कारण फोन कोण करतो हा प्रश्न सुटला, पण ओटीपी कुठं येतो हा राहिला.

रात्री बायको आणि मी वही घेऊन बसलो. दोन रकाने केले, एका बाजूला जुना नंबर, दुसऱ्या बाजूला कंपनीचा. ज्या-ज्या ठिकाणी मोबाईल नंबर दिलाय ते आठवून लिहायचं. जुन्या नंबराखाली फक्त एक बँक खातं आणि गॅस. कंपनीच्या नंबराखाली पान भरलं: माझं आधार, पगाराचं खातं, पीएफचा यूएएन, विमा पॉलिसी, डिजिलॉकर, पोराची शाळा, गाडीची आरसी, आणि युपीआय तर अर्थातच. हे सगळं मी मुद्दाम केलं नव्हतं. प्रत्येक वेळी काउंटरवर कुणीतरी विचारलं, "मोबाईल नंबर?" आणि जो तोंडात बसलेला होता तो मी सांगितला.

आधार तिथं कसं गेलं ते तर आठवतही नव्हतं. बहुतेक ऑफिसात एकदा आधार दुरुस्तीचा कॅम्प होता, तेव्हा.

मग जुना नंबर जिवंत करायचा ठरवला. पण दुकानातल्या पोराचा प्रश्न डोक्यात होता. घरी येऊन मोबाईल कंपनीच्या अॅपमध्ये जुन्या नंबराचं नाव बघितलं. बाबांचं! २००९ मध्ये माझ्याकडं ओळखपत्र नव्हतं, बाबांच्या मतदान कार्डाची झेरॉक्स दिली होती. म्हणजे पंधरा वर्षं एक आणि नऊ वर्षं दुसरा नंबर मिरवत होतो आणि एकही माझ्या नावावर नव्हता.

इथं एक गोष्ट सगळ्यांनी करून बघावी अशी आहे. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नंबरानं ओटीपी टाकून आत गेलं की त्या माणसाच्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं, नंबराचे मधले आकडे झाकलेले असतात. आपल्याकडं एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत चालतात. बाबांच्या नावावर चार निघाली. एक त्यांच्या बटणाच्या फोनमधलं, एक माझं, एक आईचं, आणि चौथं कुणाचं ते कळेना. तिथं प्रत्येक नंबरापुढं "Not My Number", "Not Required", "Required" असे पर्याय असतात. मी चौथ्यापुढं पहिला दाबला आणि जागरूक नागरिकासारखा झोपलो. काही आठवड्यांनी चुलतभावाचा तावातावानं फोन आला, त्याचं सिम बंद पडलं होतं. २०११ मध्ये ते मीच त्याला बाबांच्या झेरॉक्सवर काढून दिलं होतं. आठवण आल्यावर मी गप्प बसलो. त्यानं अजून माफ केलेलं नाही.

बाबांना लातूरला बोलावलं. नाव बदलायचं काम कोपऱ्यावरच्या रिचार्जवाल्याकडं होत नाही, मोबाईल कंपनीच्या स्वतःच्या गॅलरीत जावं लागतं आणि दोघांनाही, देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला. दोघांचं आधार, दोघांचे तिथंच काढलेले फोटो, बाबांची संमतीची सही. बाबा खुर्चीवर बसून सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजी इतके दिवस माझ्या नावावर बोलूलालास व्हय?"

"हो बाबा."

"मग बिल मी भरलो असतो की."

नवं सिम हातात पडलं, दुपारी चालू झालं. आता इथं मी एक चूक केली, ती लिहितो. सिम बदललं की पहिले चोवीस तास त्या नंबरावर एसएमएस येणं-जाणं बंद असतं. कुणी तुमच्या नावानं खोटं सिम काढून बँक रिकामी करू नये म्हणून ती व्यवस्था आहे, चांगलीच आहे. पण मला ती माहीत नव्हती. युपीआय अॅपला सिम बदललेलं कळलं, त्यानं पुन्हा नोंदणी मागितली, नोंदणीसाठी फोनमधून एक एसएमएस जावा लागतो, आणि तो जाईना. माझा एक युपीआय जुन्या नंबराच्या खात्यावर होता, पगाराच्या खात्याचा कंपनीच्या नंबरावर. कंपनीचा फोन मी घरी विसरलो होतो. बाबांना सोडायला गावाकडं निघालो, औसा रोडवर पंपावर तीनशेचं पेट्रोल टाकलं आणि खिशात चाळीस रुपये. बाबांनी बंडीतून पाचशेची नोट काढून पंपवाल्याला दिली. रस्ताभर काही बोलले नाहीत. ते न बोलणंच भारी असतं.

शिवाय असं नवं सिम घेतल्यावर लगेच पोर्ट करायचं मनात असेल तर थांबावं लागतं. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस पोर्टचा कोड मिळत नाही. मला पोर्ट करायचं नव्हतं, पण गॅलरीत माझ्या मागं उभा असलेला एकजण याच कारणासाठी भांडत होता. बिचाऱ्या काउंटरवरच्या पोरीनं नियम केल्यासारखा.

नंबर माझ्या नावावर झाला. आता त्यावर सगळं आणायचं. आधी आधार. कारण पीएफ, डिजिलॉकर, केवायसी, सगळ्याची दोरी तिथं बांधलेली. आधारला मोबाईल नंबर बदलायला मला केंद्रावर प्रत्यक्ष जावं लागलं. कागद काही लागला नाही, अंगठा लागला आणि पन्नास रुपये. आधी जोडलेल्या नंबरावर ओटीपी लागत नाही हे महत्त्वाचं, म्हणजे ज्यांचं जुनं सिम हरवलंय किंवा हातातून गेलंय त्यांचंही होतं. पण तो ऑगस्ट महिना होता, लाडकी बहीण योजनेचे फॉर्म चालू होते आणि जिथं आधारचं मशीन तिथं बायांची रांग. नंबर जोडायला, नाव दुरुस्त करायला, बँकेला आधार लावायला. पहिल्या दिवशी टोकनच संपलं. दुसऱ्या दिवशी साडेसातला जाऊन उभा राहिलो. माझ्या पुढच्या मावशी मला विचारत होत्या, "तुमाला बी भेटतेत का पंधराशे?" आठवडाभरात माझ्या नावावरचा नंबर आधारला लागला.

बँकेचं मात्र उलटं. तिथं आधी जोडलेलं सिम हातात असताना गेलेलं बरं. काही बँकांत नंबर बदलताना जुन्या आणि नव्या दोन्हीवर ओटीपी येतो, दोन्ही टाकले की घरबसल्या काम होतं. जुना नंबर गेला असेल तर शाखेत अर्ज, पासबुक, सही, आणि सही जुळली नाही तर आणखी एक फेरी. माझं पगाराचं खातं ऑगस्टात दोन्ही सिम फोनमध्ये असताना दहा मिनिटांत झालं. पीएफचंही सदस्यांच्या पोर्टलवर Manage खाली Contact Details मध्ये जाऊन झालं. नवीन नंबरावर युपीआय चालू केल्यावर पहिला दिवस रकमेला मर्यादा असते, त्यामुळं घराचं डिपॉझिट त्या दिवशी देता आलं नाही, पण ते दुसऱ्या दिवशी गेलं.

व्हॉट्सअॅपनं डोकं खाल्लं. माझ्या फोनमध्ये दोन्ही नंबरांची दोन खाती होती. मला वाटत होतं, कंपनीच्या खात्यात नंबर बदलायची सोय आहे, ती वापरली की सगळे ग्रुप जुन्या नंबरावर येतील. ती सोय खरी आहे, ग्रुप येतात, पण नवीन नंबरावर आधीच व्हॉट्सअॅप असेल तर दोन खात्यांची मोट बांधता येत नाही. एकाच्या गप्पा जाणार. मला जुन्या नंबरावरचे घरचे फोटो घालवायचे नव्हते. मग वेळखाऊ पद्धत केली. दुकानदारांच्या ग्रुपवर माझा जुना नंबर घालून घेतला, नवीन येणाऱ्या पोराला अॅडमिन केलं. कामाचे फोटो, खतांचे दरपत्रक, शेतकऱ्यांचे तक्रारीचे फोटो त्याला पाठवले, माझे माझ्याकडं घेतले. आणि ३१ ऑगस्टला सिम परत द्यायच्या आधी कंपनीच्या नंबरावरचं व्हॉट्सअॅप खातं सेटिंगमध्ये जाऊन डिलीट केलं. नुसतं अॅप काढून टाकून चालत नाही. अॅप काढलं तरी खातं राहतं, आणि तुमच्या जागी येणारा माणूस त्याच नंबरानं नोंदणी करतो तेव्हा तुमच्या ग्रुपांत तो दिसायला लागतो. माझ्या सासुरवाडीच्या ग्रुपमध्ये एखाद्या परक्या पोरानं गुड मॉर्निंग टाकलं असतं.

मधल्या काळात दोन नंबर ठेवायचा विचार पुन्हा एकदा डोकावला. कंपनीचा नाही, तर लातूरसाठी एक आणि संभाजीनगरसाठी एक असा. हा विचार माझ्या उदगीरच्या मामांचा. मामा बऱ्याच वर्षांपूर्वी हैदराबादला कामाला होते. तेव्हा सर्कल ओलांडलं की रोमिंग लागायचं, येणाऱ्या फोनचेसुद्धा पैसे कटायचे. तिकडचं एक सिम, इकडचं एक. देगलूरच्या पुढं गेलं की गाडीत सिम बदलायचे. सीमेवरच्या गावात तर घरात बसल्या-बसल्या फोन शेजारच्या राज्याचा टॉवर पकडायचा आणि बॅलन्स जायचा. त्यामुळं शहर बदललं की नंबर बदलायचा, हे त्यांच्या हाडात बसलंय. आता त्यात काही राहिलेलं नाही. लातूर आणि संभाजीनगर तर एकाच महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतात, मुंबई तेवढी वेगळी. आणि जुलै २०१५ पासून नंबर तोच ठेवून देशात कुठंही पोर्ट करता येतो. उद्या मामांचा नातू हैदराबादला गेला तरी त्याला नवा नंबर घ्यायचं कारण नाही.

खर्चाचाही हिशोब केला. निवांत पडलेलं सिमसुद्धा फुकट जगत नाही. साधे महिन्याचे पॅक बहुतेक २८ दिवसांचे, म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. दोनशेच्या आसपासचा पॅक धरला तर २,६०० रुपये, फक्त वाजत नसलेला फोन वाजण्यासाठी. न भरता ठेवला तर नव्वद दिवस काहीच वापर नसल्यावर मोबाईल कंपनी तो बंद करू शकते, खात्यात वीस रुपये असतील तर ते कापून आणखी तीस दिवस मिळतात. आणि कायमचा बंद झाला की किमान नव्वद दिवसांनी तोच नंबर दुसऱ्या कुणाला तरी विकला जातो. त्याला तुमचे बँकेचे मेसेज, तुमच्या जुन्या खात्याचे ओटीपी मिळायला लागतात. अर्धवट सांभाळलेल्या दुसऱ्या नंबराचा मला हाच धोका वाटला. पूर्ण ठेवा किंवा पूर्ण मोकळा करा. मोकळा करायचा म्हणजे आधी त्याला बांधलेल्या सगळ्या दोऱ्या सोडायच्या.

हे सगळं कळत असूनही माझ्या एक-दोन दोऱ्या राहिल्याच.

३१ ऑगस्टला सिम परत केलं. पोळा करून सामान टेम्पोत भरायचं होतं. पोळ्याच्या आधीपासून पाऊस असा कोसळला की गावाकडच्या शेतात सोयाबीन पाण्यात. बाबांचा पीक विमा एक रुपयात भरलेला होता, अॅपवर बहात्तर तासांच्या आत नुकसानीची सूचना दिली, माझ्याच नंबरानं. काही दिवसांनी एक अनोळखी फोन.

"सर, मी तुमच्या जागी आलोय. विमा कंपनीचा माणूस तुमच्या वडिलांना शोधत माझ्यावर फोन करतोय. काय सांगू?"

जुलैत सेतूवर अर्ज भरताना बाबांनी तोंडपाठ असलेला नंबर सांगितला होता. माझा कंपनीचा. मी राजीनामा देऊन बसलो होतो, पण बाबांना त्याचं काय? पोरगा भला होता, त्यानं सर्वेक्षण करणाऱ्याला माझा नंबर दिला. तेव्हाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मला वाटलं, विम्याचा अर्ज तेवढा राहिला. वहीत आम्ही माझ्या नावाची खाती लिहिली होती. बाबांच्या नावाची कुणी लिहिली?

५ ऑक्टोबरला वाशिमला पंतप्रधानांच्या हस्ते पीएम किसानचा अठरावा हप्ता आणि राज्याच्या नमो शेतकरीचा पाचवा सुटला. दोन-तीन दिवसांनी पुन्हा त्याच पोराचा फोन. आता त्याचा आवाज मोकळा झालेला.

"सर, तुमच्या खात्यावर दोन आणि दोन, चार हजार जमा झालेत. अभिनंदन."

मला पीएम किसान मिळतच नाही. ते खातं बाबांचं. काही वर्षांपूर्वी मीच बाबांना घेऊन बँकेत गेलो होतो आणि फॉर्मवर माझा नंबर टाकला होता. म्हणजे सव्वा महिना बाबांच्या खात्यातला प्रत्येक मेसेज एका परक्या पोराच्या खिशात जात होता. पोरगा चांगला म्हणून हसण्यावारी गेलं. तो तसा नसता तर? नुसत्या मेसेजनं पैसे काढता येत नाहीत, खरंय, पण नंबर ज्याच्या हातात त्याला अर्धा दरवाजा उघडा असतो.

आता हा नंबर ओटीपीनं बदलणं शक्य नव्हतं, कंपनीचं सिम माझ्याकडं नव्हतं. त्या पोराला ओटीपी विचारता आला असता, पण रोज माणसांना "ओटीपी कुणाला सांगू नका" म्हणणारा मी, त्यालाच ओटीपी सांग म्हणायचं धाडस झालं नाही. म्हणून शाखा. खातेदार स्वतः, पासबुक आणि आधार घेऊन. सोयाबीनच्या काढणीचे दिवस, मळणीयंत्राचा नंबर लागलेला, बाबा म्हणाले दिवाळीनंतर बघू. मी हट्ट धरला. शनिवारी संभाजीनगरहून रात्रीच्या बसनं निघालो, सोमवारी दहाला बाबांना घेऊन शाखेच्या दारात.

साहेबांनी फॉर्म दिला. मी पेन काढलं आणि मोबाईल नंबरच्या चौकटीत माझा नंबर लिहायला लागलो. आता हा माझ्या नावावरचा, कायमचा, कुठंही जाणार नाही असा. दोन आकडे लिहिले आणि बाबांनी हातावर हात ठेवला.

"माझा लिही."

"बाबा, तुमच्या फोनवर इंग्लिशमधी मेसेज येतेत. तुम्हाला वाचाया येतंय का?"

"धाकट्याचं पोरगं वाचतंय की. आन् तू उद्या अजून दुसरीकडं गेलास तर? माझं पैसं तुझ्या मागं मागं किती गावं फिरावं?"

साहेब हसले. नवीन फॉर्म दिला. बाबांनी बटणाचा फोन काढून मला आकडे एकेक करून सांगितले, मी लिहिले, त्यांनी सही केली. तीन वेळा, कारण पहिल्या दोन पासबुकाशी जुळल्या नाहीत.